घराने भरून काढलेली उणीव

दिव्यांग प्रमाणपत्राच्या बोर्डाच्या दिवशी पेशंट नीटनेटका होऊन येतो. आईने त्याला अंधारातच उठवलेले असते, न्हाणीत कढत पाणी काढून दिलेले असते. दाढी आदल्या दिवशीच उरकलेली असते. अंगात गणपतीत घेतलेला शर्ट असतो आणि पहिली एसटी पकडून दोघे रत्नागिरीत पोचलेले असतात. डॉक्टरांसमोर तो शांत बसतो. नाव विचारले तर नाव सांगतो, गाव विचारले तर गाव सांगतो, जेवलास का विचारले तर मान हलवतो. टेबलाच्या पलीकडून पाहणाऱ्याला वाटते, याला झालेय काय? हातपाय धड, डोळे धड, उत्तरेही धड.

सांधा किती अंशात वाकतो ते मोजता येते, कानाला किती ऐकू येते त्याचा आलेख निघतो. स्किझोफ्रेनियाचा एक्स-रे निघत नाही. या आजारात मोजायचे असते ते रोजच्या जगण्यातले काय काय सुटून गेले ते. आणि जे सुटले, ते घरातल्या कोणी ना कोणी उचललेले असते. म्हणूनच ते दिसत नाही. मी या जिल्ह्यात मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून बरीच वर्षे काढली. डॉक्टर गुण देण्याआधी नातेवाइकांशी बोलून घरची हकिकत लिहून काढायची, हे माझे काम. दिव्यांग प्रमाणपत्र मिळते की हुकते, हे पुष्कळदा या हकिकतीवर ठरते, असे माझे मत होत गेले.

मानसिक आजार हे अपंगत्व आहे, असे 1995 च्या कायद्यातच लिहिलेले होते. पण ते किती, हे ठरवायला माप नव्हते. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीच्या पुनर्वसन समितीने ते तयार केले आणि 2002 मध्ये केंद्र सरकारने राजपत्रात आणले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयडियाज’ म्हणतात. पुढे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला, अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, 2018 मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. मानसिक आजारासाठी माप मात्र तेच राहिले.

माप साधे आहे. चार गोष्टी पाहायच्या: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणे आणि समजणे, आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे काही अडचण नाही, चार म्हणजे ती गोष्ट जवळजवळ संपलेलीच. या सोळात आजार किती वर्षांचा आहे त्याचे गुण मिळवायचे: दोन वर्षांच्या आतला असेल तर एक, दोन ते पाच वर्षांचा असेल तर दोन, सहा ते दहा असेल तर तीन आणि दहाच्या पुढे चार. एकूण वीस. सहापर्यंत बेरीज आली तर अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली, सात ते तेरा म्हणजे चाळीस ते सत्तर, चौदा ते एकोणीस म्हणजे एकाहत्तर ते नव्व्याण्णव, आणि वीस म्हणजे शंभर टक्के. सवलती चाळीस टक्क्यांपासून सुरू होतात. म्हणजे सगळा निकाल सहा आणि सात यांच्यामधल्या एका गुणावर अवलंबून असतो, आणि हा एक गुण अनेकदा प्रश्न कसा विचारला यावर पडतो किंवा राहतो.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका बाईचे उदाहरण सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चौतीस. लग्न होऊन मुंबईला गेली, तिथे आजार सुरू झाला, काही वर्षांनी सासरच्यांनी माहेरी आणून सोडली. घरी सत्तरीकडे झुकलेली आई आणि धाकटा भाऊ. औषध नियमित चालू. कानात आवाज यायचे, ते थांबलेले. शेजारीण आपल्याबद्दल वाईट बोलते हा संशयही पुष्कळ कमी झालेला.

भाऊ सोबत आला होता. ठरलेले प्रश्न ठरलेल्या पद्धतीने विचारले तर त्याची उत्तरे अशी: आंघोळ करते का? हो. जेवते का? हो. घरातल्यांशी बोलते का? बोलते. घरकाम करते का? थोडेफार करते. आजार किती वर्षांचा? असेल पाच वर्षांचा. या उत्तरांवर प्रत्येक गोष्टीला एकेक गुण पडतो, म्हणजे चार. आजाराच्या काळाचे दोन. बेरीज सहा. चाळीसच्या खाली. आणि भाऊ एक शब्दही खोटे बोललेला नव्हता.

‘करते का’ या प्रश्नातच गोची आहे. ती आंघोळ करते, हे खरे. कधी करते? आईने सांगितल्यावर. किती वेळा सांगावे लागते? इथे भाऊ जरा थांबला, म्हणाला, “ते आईस विचारा.” पुढच्या वेळी आईला बोलावले. आई सांगू लागली ते असे. पाणी तापवून न्हाणीत नेऊन ठेवायचे, कपडे काढून द्यायचे, दाराशी उभे राहायचे. नाही उभे राहिले तर अंगावर दोन तांबे घेऊन बाहेर येते. डोक्यावरून न्हायला आईच घालते. पाळीच्या दिवसांत तर सगळेच पाहावे लागते. “तिला सांगितलं नाय तर चार-चार दिवस तसंच,” आई म्हणाली, आणि लगेच पुढे, “पण सांगितलं की करते हो, ऐकते ती.” ते ‘ऐकते ती’ आईने लेकीची बाजू राखण्यासाठी म्हटलेले होते. आपण हिशेबात धरायचे ते त्याआधीचे वाक्य. सांगितल्याशिवाय होत नसेल तर ती स्वतःची काळजी तिची नव्हे, आईची आहे. इथे दोन गुण. तीन का नाहीत, हेही लिहायला लागते: सांगितल्यावर ती स्वतःच्या हाताने करते, भूक लागली की मागते, संडासला आपली आपण जाते.

माणसांशी संबंध. घरात दोन-चार शब्द बोलते, कोणी आले की आत जाते. गावच्या देवळात गेलेली नाही. गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले, घर भरले, की ती मागच्या पडवीत बसते, ताट तिथे न्यावे लागते. दोन गुण. बोलणे-समजणे त्या मानाने बरे. सांगितलेले कळते, विचारले त्याचे उत्तर येते, मात्र दोन गोष्टी एकदम सांगितल्या तर दुसरी राहते. एक गुण. इथे जास्त देता आला नसता.

काम हा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो, आणि कोकणात तर जास्तच. मापात काम म्हणजे नोकरी, घरकाम किंवा शिक्षण, ज्याला जे लागू असेल ते. पण आमच्याकडचे काम महिन्यागणिक बदलते. जून-जुलैत भातलावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी, उन्हाळ्यात आंबा-काजू, पावसाच्या तोंडावर लाकडे भरणे, शाकारणी. मार्च महिन्यात ‘शेतात जाते का’ विचारले तर निरोगी बाईचेही उत्तर ‘आत्ता कुठं काय काम हाय’ असेच येईल. म्हणून गेल्या लावणीचे विचारावे. लावणीला गेली होती का? गेली होती. किती वेळ टिकली? आई म्हणाली, तास-दीड तास, मग बांधावर येऊन बसली, तिची पात दुसरीने पुरी केली. आणि घरात? भांडी घासते, पण खरकटे राहते, आई पुन्हा घासते. चुलीजवळ तिला एकटे सोडत नाहीत, कारण एकदा भात करपून टोप जळेस्तोवर ती समोर बसून होती. लग्नाआधी हीच मुलगी बारा माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकायची, हे आईने न विचारता सांगितले. ते मी मुद्दाम लिहून घेतले, कारण घसरण मोजायची तर आधी ती कुठे होती ते माहीत हवे. कामाला तीन गुण.

बेरीज आठ झाली. उरला आजाराचा काळ. भावाने पाच वर्षे म्हटले होते, कारण रत्नागिरीत औषध सुरू होऊन तेवढी झाली होती. नातेवाईक बहुधा उपचाराची सुरुवात हीच आजाराची सुरुवात धरतात. त्याआधीची देवदेवस्की, अंगारे, ‘माहेरी चार दिवस राहिली की बरी होईल’ म्हणून काढलेले महिने, हे त्यांच्या लेखी आजारात येत नाही. साल विचारून ते सापडत नाही. घरात सन कोणाच्या लक्षात नसतो, प्रसंग लक्षात असतात. निसर्ग वादळाच्या आधी की नंतर? ते जून 2020 चे. दहावीतला पोरगा तेव्हा शाळेत जायला लागला होता का? लॉकडाउनमध्ये ती सासरी होती की इथे? असे मागे मागे जाता सापडले, की मोठ्या बहिणीच्या मुलाच्या बारशाला ती आली होती तेव्हाच एकटी हसत होती आणि रात्री झोपत नव्हती. तो मुलगा आता नऊ वर्षांचा. घरच्यांचा शब्द एवढाच आधार पुरेसा धरता येत नाही, म्हणून मुंबईचे कागद आहेत का विचारले. आईने पिशवी उपसून एका सरकारी रुग्णालयाची पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. तारीख बारशानंतर सात-आठ महिन्यांची. सहा ते दहा वर्षे. तीन गुण.

आठ आणि तीन, अकरा. सहाची अकरा झाली ती काही वाढवून नव्हे. बोर्डाने साठ टक्के लिहिले.

या पिशवीतल्या कागदांबद्दल थोडे सांगायला हवे. चिपळूण भागातल्या पुष्कळ कुटुंबांकडे आता जुने कागद नाहीत. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, त्यात शिधापत्रिका गेल्या, सात-बाराच्या नकला गेल्या, तसे केस पेपरही गेले. शिधापत्रिकेची दुय्यम प्रत निघते. मुंबईतल्या बाह्यरुग्ण विभागाच्या दहा वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीची निघत नाही. अशा वेळी रुग्णालयात कधी भरती केले असेल तर भरतीची नोंद शोधावी, कारण त्या नोंदी बाह्यरुग्णांच्या मानाने टिकतात. मोबाइलवर कागदाचा फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवावा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

कागद असले तरी ते बोलत नाहीत, ही दुसरी अडचण. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर लिहितात, ‘प्रकृती स्थिर, औषध तेच.’ पाच वर्षांचे केस पेपर चाळावेत तर दर महिन्याला हीच ओळ. उपचाराच्या दृष्टीने ती बरोबर आहे: आवाज नाहीत, मारहाण नाही, झोप लागते. पण बोर्डावरचा डॉक्टर, ज्याने हा पेशंट आधी पाहिलेला नाही, तो हे वाचून म्हणतो, स्थिर आहे म्हणजे ठीक आहे. या आजारात औषधाने आवाज जातात, संशय जातो. मन लागणे, आपणहून उठणे, एखादे काम हाती घेऊन पुरे करणे, हे मात्र औषधाने फारसे परत येत नाही. आजाराची आरडाओरड संपते आणि उरते ती अशी शांत निष्क्रियता, जी बाहेरच्याला आळस वाटते. घरच्यांनाही वाटते. ‘गोळ्यांनी सुस्त झालाय’ किंवा ‘आयतं खायची सवय लागली’ ही वाक्ये मी आईबापांच्या तोंडून किती ऐकली असतील! मापात गुण याच निष्क्रियतेचे असतात आणि केस पेपरवर तिचीच नोंद नसते.

उलटी बाजू द्विध्रुवी आजाराची, म्हणजे ज्यात मनाचे चढ-उतार झटक्याने येतात. दोन झटक्यांच्या मध्ये माणूस खरोखरच चांगला असतो. रिक्षा चालवतो, हिशेब करतो, पोरांना शाळेत सोडतो. बोर्डाचा दिवस त्या मधल्या काळात पडला तर गुण द्यायचे कशाचे? मग वर्षभरातले किती महिने तो कामावर गेला नाही, रिक्षाचे हप्ते कितीदा थकले, तेजीच्या भरात किती पैसे उधळले, याचा महिनेवार तपशील लिहावा लागतो. माझ्या मते हे माप दीर्घकाळ एकसारख्या चालणाऱ्या आजाराला जितके नीट लागू पडते तितके चढ-उतारांच्या आजाराला पडत नाही, आणि या पेशंटांवर थोडासा अन्याय होतोच.

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, 1886 पासूनचे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. त्यामुळे लोकांना वाटते, आत भरती आहे तर तिथेच प्रमाणपत्र होऊन जाईल. पण ‘आयडियाज’ बनवले गेले ते बाह्यरुग्णांसाठी, घरी-गावात राहणाऱ्यांसाठी. वॉर्डात उठायची वेळ ठरलेली, आंघोळीची रांग ठरलेली, ताट समोर येते, गोळी हातात येते. तिथे स्वतःची काळजी छान दिसते. ती वॉर्डाची शिस्त असते. काम आणि नाती यांचा तर तिथे प्रश्नच येत नाही. म्हणून सुट्टी होऊन घरी काही काळ राहिल्यावरचे चित्र लिहिणे योग्य.

फसवणुकीबद्दल न बोलणे बरोबर होणार नाही. तहसील कचेरीच्या आसपास सल्ला देणारे भेटतात: ‘दोन दिवस आंघोळ घालू नका, फाटके कपडे घाला, काही विचारलं तर बोलू नको म्हणावं.’ खरोखर आजारी असलेल्याच्या घरचेही या सल्ल्याला भुलतात, कारण नीटनेटके आले तर कोणी विश्वास ठेवत नाही, हा त्यांचा अनुभव. त्याने नुकसानच होते. मुद्दाम मळवलेला माणूस ओळखू येतो: कपडे फाटके आणि नखे नुकती कापलेली, किंवा आई सांगते बोलतच नाही आणि तो बाहेर मोबाइलवर बोलताना दिसतो. एकदा शंका आली की खऱ्या तक्रारीही खोट्या वाटू लागतात. शिवाय चारही रकान्यांत चार-चार गुण भरलेला अर्ज पाहिला की अनुभवी डॉक्टर आधी प्रश्न विचारतो. खऱ्या आयुष्यात उणीव अशी सगळीकडे सारखी नसते. त्या बाईचा बोलण्या-समजण्याचा एक गुणच बाकीच्या गुणांची साक्ष होता.

चाळीस टक्के झाले म्हणजे सगळे मिळाले असेही नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलदारांकडे जातो. त्याला रहिवासाचा, उत्पन्नाचा दाखला लागतो. दिव्यांगांसाठी या योजनेची रक्कम 2025 मध्ये महिन्याला 1500 वरून 2500 रुपये करण्यात आली. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतनाला मात्र ऐंशी टक्के लागतात आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असावे लागते. आपल्या मापात ऐंशीपर्यंत जायला निदान चौदाच्या पुढे जावे लागते, आणि तिथवर पोचलेला माणूस रुग्णालयाच्या पायऱ्या आपल्या पायाने चढून येण्याच्या अवस्थेत क्वचितच असतो. त्या बाईला ते लागू नव्हते, पहिले मिळाले. बँकेच्या खात्यावर पैसे येतात, ते भाऊ तिला सोबत नेऊन काढतो.

आणखी एक गोष्ट घरचे सांगत नाहीत, ती लाज. घरात लग्नाची मुलगी असेल तर भावाच्या किंवा काकाच्या आजाराचा सरकारी कागद कोणालाच नको असतो. कार्डावर आजाराचा प्रकार लिहिलेला असतो, हे कळले की काही जण अर्ज तिथेच सोडून जातात. त्यांना मी आग्रह करत नाही. हिशेब त्यांचा त्यांनी करायचा. फक्त एवढे सांगतो, की कागद आज केला नाही तरी चालेल, पण नोंदी आजपासून ठेवा, कारण आईबापांच्या माघारी ज्याला हा माणूस सांभाळायचा आहे त्याला आधीचे काही माहीत नसेल.

तिचे प्रमाणपत्र पाच वर्षांच्या मुदतीचे आहे. मुदत संपेल तेव्हा पुन्हा हेच प्रश्न येतील आणि उत्तरे द्यायला आई असेलच असे नाही. भावाला तर आंघोळीचे पाणी कोण काढते हेही नीट माहीत नव्हते. म्हणून दोन विनंत्या. ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरांना: ‘स्थिर’ लिहिल्यावर पुढे आणखी एक ओळ लिहा, या महिन्यात तो काय करत होता आणि काय त्याच्यासाठी दुसऱ्याने केले. आणि घरच्यांना: एक साधी वही घ्या, महिन्यातून एकदा चार ओळी लिहा, आंघोळ, माणसे, बोलणे, काम, त्यात तुम्ही स्वतः काय करता तेही लिहा, आणि वर तारीख घाला.